चार बेअरिंग, 5,200 वॉशर

ठाण्यातली वागळे इस्टेट. सकाळची पाळी सुरू झालीय. पंप बनवणाऱ्या एका लहान कारखान्याचं हे स्टोअर. रॅकवर चारशे प्रकारचा माल, आणि सांभाळायला दोघंच: काका आणि त्यांच्या हाताखालचा मुलगा.

पूर्वी काका सगळा माल सारख्याच निगुतीनं मोजायचे. वॉशरचं बिन कार्ड, म्हणजे डब्यासोबतची आवक-जावकीची नोंद, जुळवण्यात अर्धा दिवस जायचा. त्याच गडबडीत बेअरिंगचे चार नग कमी भरले, ते महिनाभर कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बेअरिंग 650 रुपयांचं, वॉशर 50 पैशांचा. चार बेअरिंग म्हणजे 5,200 वॉशर!

मग काकांनी वही उघडली. प्रत्येक वस्तू वर्षाला किती लागते, गुणिले तिचा दर. बेअरिंग 2,400 नग, म्हणजे 15,60,000 रुपये. वॉशर 12,000, म्हणजे फक्त 6,000. मोठ्या आकड्यापासून खाली यादी लावली. वर्षाचा एकूण खप एक कोटीचा, त्यातले सत्तर लाख पहिल्या चाळीस वस्तूंतच संपले. हा ‘ए’ गट. पुढच्या ऐंशी वस्तूंत वीस लाख, तो ‘बी’. उरलेल्या 280 वस्तू मिळून दहा लाख, तो ‘सी’.

यादी लावताना मुलगा एका जागी अडला.
“काका, हा सील 18,000चा आहे. ‘ए’तच ना?”
“वर्षाला किती लागतात?”
“एक.”
“मग ‘बी’त टाक.”

इथंच पुष्कळ जण चुकतात. महाग दिसणारी वस्तू वर चढवतात आणि खप बघायचा राहून जातो.

आता ‘ए’मधल्या चाळीस वस्तूंची मोजणी दर सोमवारी होते. फरक पडला तर तो त्याच आठवड्यातला असतो, त्यामुळे शोधता येतो. बेअरिंग पूर्वी दोन महिन्यांचे एकदम यायचे: 400 नग, 2,60,000 रुपये रॅकवर पडून. आता पंधरवड्याला 100 येतात, 65,000चे. अर्थात, पुरवठादार वेळ पाळतो म्हणूनच हे जमतं.

वॉशर मात्र वर्षाचे एकदम भरले तरी चालतात. त्यांचे दोन डबे आहेत. पहिला रिकामा झाला की ऑर्डर द्यायची आणि दुसरा उघडायचा. मोजायचं कुणी नाही.

पण रॅकच्या कोपऱ्यात लाल चिठ्ठी लावलेला एक डबा दिसतोय ना? त्यात ओ-रिंग आहेत, बारा रुपयांच्या. हिशेबानं त्या ‘सी’ गटातल्या. पण ओ-रिंग नसली तर पंप चाचणीलाच जात नाही. ही अडचण रुपयांच्या यादीत कुठंच दिसत नाही, म्हणून काकांनी अशा अकरा वस्तू वेगळ्या काढल्या. रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी तो मुलगा या अकरा डब्यांत डोकावून जातो.