"दादा, शेवटची फवारणी कधी झाली?"

(दृश्य: मिरजेतल्या एका दवाखान्याचा मनोविकार कक्ष. संध्याकाळ. बाकावर तिशीतला मुलगा, समोर खुर्ची ओढून बसलेल्या सिस्टर.)

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या या अक्का. त्यांचं नाव आणि चेहरा आपण दाखवणार नाही. वय 56. महिनाभर बागेत पाऊल नाही, आठवडाभर जेवण जवळपास बंद. पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागतं. "मी संपलेय, मला कशाला भरवताय," एवढंच बोलतात. हे तीव्र नैराश्य आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि तेवढे दिवस अक्कांचं शरीर तग धरेल याची खात्री नाही. म्हणून डॉक्टरांनी ईसीटी सुचवली आहे. लोक तिला शॉक म्हणतात.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं, मुलानं मान डोलावली. पण मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, हे सिस्टरना ठाऊक आहे. त्या आधी त्यालाच विचारतात, "दादा, शॉक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं?"

"पिक्चरमधी दाखवत्यात तसं. चौघं धरत्यात आन् माणूस तडफडतंय."

"तसं इथं होत नाही. अक्कांना आधी झोपेचं इंजेक्शन देतात, मग अंग सैल पडायचं. करंट काही सेकंदच, आणि तेव्हा त्या गाढ झोपेत असतात. करंटमुळं मेंदूत फीट येते, बहुतेक वेळा मिनिटभराच्या आतली. गुण येतो तो त्या फीटमुळं. अंगात मात्र ती फारशी दिसत नाही."

हा कुणा एका दवाखान्याचा चांगुलपणा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी द्यायला बंदी घातली आहे. स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणाऱ्या रुग्णाची संमती त्याच्याचकडून घ्यायची असते. अक्का आज त्या स्थितीत नाहीत, म्हणून नामनिर्देशित प्रतिनिधी या नात्यानं मुलगा सही करणार आहे. तरीही सिस्टर कॉटशी जाऊन अक्कांना हे सगळं पुन्हा सांगतात. अक्का उत्तर देत नाहीत, पण ऐकत असतात.

(दृश्य: सिस्टरच्या हातातली यादी.)

आता तयारी. रात्री बारानंतर खाणं बंद. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं तर जिवावर बेततं. नातेवाईक मायेनं पहाटे घोटभर चहा पाजतात आणि सांगायचं विसरतात. म्हणून सकाळी "उपाशी आहेत ना?" असं विचारून भागत नाही. "पहाटे काय दिलं?" असं विचारावं लागतं.

केस आदल्या संध्याकाळी धुवायचे आणि तेल लावायचं नाही. खोबरेल असलं की इलेक्ट्रोड कातडीला नीट भिडत नाही. कवळी, पिना, दागिने काढायचे. अक्कांचा एक दात हलतो, त्याची नोंद फाइलवर जाते. आणि मिश्री. गालात राहिलेली मिश्री कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून सिस्टर टॉर्च लावून तोंड आतून बघतात.

मग छापील यादीत नसलेला प्रश्न येतो. "दादा, बागेत शेवटची फवारणी कधी झाली? औषध कोण कालवायचं?"

"आईच कालवायची की. हातानंच. पिठ्या ढेकणासाठी लई मारलं या वर्षी."

"कधी पोटात गेलंय का? चुकून, किंवा मुद्दाम? खरं सांगा, कुणी रागावणार नाही."

"न्हाई, तसलं काय न्हाई."

ईसीटीत स्नायू सैल करायला बहुधा सक्सिनिलकोलीन वापरतात. रक्तातलं एक एन्झाइम ते काही मिनिटांत मोडून टाकतं आणि श्वास पुन्हा सुरू होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम निकामी करतात, आणि ते पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. अशा माणसाला नेहमीचा डोस दिला तर पाच मिनिटांत परतायचा श्वास कितीतरी वेळ परतत नाही. नैराश्याच्या रुग्णानं महिनाभरापूर्वी औषध प्यायलेलं असेल आणि घरच्यांनी ते लपवलं असेल, तर हा धोका फार मोठा. द्राक्षपट्ट्यात हा प्रश्न न विचारता रुग्ण आत नेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

सिस्टर रात्रीच भूलतज्ज्ञांना फोन करतात. रक्तातल्या त्याच एन्झाइमची, म्हणजे कोलिनएस्टरेजची, तपासणी होते आणि पातळी कमी येते. थांबायला वेळ नाही. भूलतज्ज्ञ सक्सिनिलकोलीन टाळून रोक्युरोनियम हे स्नायू सैल करणारं दुसरं औषध आणि त्याचा परिणाम उतरवणारं सुगामाडेक्स हाताशी ठेवायला सांगतात.

(दृश्य: उपचार कक्ष, सकाळ. अक्कांच्या घोट्यावर बीपीचा पट्टा.)

लघवीला जाऊन आल्यावर अक्का टेबलावर. बीपीचा एक पट्टा घोट्यावर का? झोप लागल्यावर, स्नायूंचं औषध देण्याआधी, तो फुगवतात. औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही आणि फीट आली की तेवढं पाऊल हलतं. सिस्टर त्या पावलावर आणि घड्याळावर नजर ठेवतात. दातांमध्ये रबरी बाइट ब्लॉक आहे, कारण करंट जबड्याच्या स्नायूंना थेट आवळतो, औषध दिलेलं असलं तरी. पाऊल 34 सेकंद हलतं, मेंदूतल्या विजेचा आलेख काढणाऱ्या ईईजीवरची फीट थोडी जास्त चालते. दोन मिनिटं उलटूनही थांबली नसती, तर ती थांबवणारं इंजेक्शन ट्रेमध्ये भरून ठेवलेलं आहे.

(दृश्य: रिकव्हरी.)

अक्का कुशीवर. तोंडातली लाळ सक्शननं काढलेली, कॉटचे कठडे वर. नाडी, बीपी, ऑक्सिजन पुन्हा पुन्हा लिहिला जातोय. वीस मिनिटांनी अक्का एकदम उठू बघतात, मास्क ओढतात. फीटनंतर असा गोंधळ होतोच. पण सिस्टर तसं गृहीत धरत नाहीत, आधी बोटावरच्या यंत्राकडं बघतात. ऑक्सिजन कमी पडल्यावरही माणूस असाच तळमळतो. आकडा 97. मग खांद्यावर हात ठेवून, "अक्का, तुम्ही मिरजेला दवाखान्यात आहात. उपचार झाला. लेक बाहेर बसलाय." हेच शब्द, त्याच क्रमानं, दर काही मिनिटांनी. "सांगा बघू आज वार कुठला?" असली परीक्षा या गोंधळात घ्यायची नाही. ती अक्का शांत झाल्यावर, नोंदीसाठी.

पाणी लगेच नाही. नीट जाग आली, गिळता येतंय, हे बघून आधी एक चमचा.

मुलगा आत येतो. अक्का विचारतात, "कधी आलास?" तो गडबडतो, कारण रात्रभर तो तिथंच होता. सिस्टर त्याला बाहेर नेऊन सांगतात, "डोकं दुखेल, अंग दुखेल, त्याला गोळी आहे. आठवणीचं मात्र नीट ऐका. या दिवसांतल्या गोष्टी त्या विसरतील. बऱ्याचशा काही आठवड्यांत परत येतात. काही, विशेषतः याच काळातल्या, कदाचित येणार नाहीत. 'एवढंबी आठवत न्हाई व्हय?' असं कुणी म्हणायचं नाही. बँकेचा, जमिनीचा कागद या दिवसांत त्यांच्यापुढं ठेवायचा नाही."

"एका शॉकनं बरी होईल न्हवं?"

"नाही दादा. आठवड्यातून दोनदा, साधारण सहा ते बारा वेळा. नंतर गोळ्या चालूच. त्या बंद केल्या तर आजार उलटू शकतो."

चौथ्या वेळेनंतर अक्कांनी स्वतःहून भाकरी मागितली. सिस्टर म्हणतात, हा टप्पा घरच्यांना सुखाचा, पण आम्हाला जास्त लक्ष ठेवायचा. अंगात बळ आधी येतं, मनातलं मरणाचं नंतर जातं. म्हणून घरी सोडतानाच्या कागदावर पहिली ओळ औषधांची नाही. फवारणीचे डबे घरातून हलवून कुलपात ठेवायचे, किल्ली मुलाकडं. दुसरी ओळ, अक्कांनी औषध कालवायचं नाही. आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं, पुढं कुठंही भूल द्यायची वेळ आली तर दिसावं म्हणून: कोलिनएस्टरेज कमी, सक्सिनिलकोलीन देण्याआधी पुन्हा तपासा.