किमान भरलं, बाकी राहिली

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देय रक्कम, आणि दुसरा तिच्यापुढे अगदीच लहान, किमान देय रक्कम. महिना ओढगस्तीचा असेल, तर नजर आधी या दुसऱ्या आकड्यावर जाते. तेवढं वेळेत भरलं की विलंब शुल्क लागत नाही, खातं थकीत होत नाही. उरलेल्या रकमेवर व्याज मात्र चढतच राहतं.

हिशेब मांडून पाहू. अंगावर ५०,००० ची बाकी आहे. व्याज महिन्याला ३ टक्के धरू, आणि किमान रक्कम व्याजासकट बाकीच्या ५ टक्के. प्रत्येक कार्डाची रीत थोडी वेगळी असते, पण घडतं साधारण असंच. महिन्याभरात १,५०० व्याज लागलं, बाकी झाली ५१,५००. किमान रक्कम आली २,५७५, ती भरली. त्यातले १,५०० व्याजात गेले. मूळ बाकी उतरली अवघी १,०७५ नं.

नवी खरेदी एकही न करता वर्षभर असंच भरत राहिलं, तर खिशातून जातात सुमारे २७,५००. त्यातले १६,००० व्याजाचे. बाकी अजून ३८,५०० उभीच.

खरी मेख पुढे आहे. बाकी घटते तशी किमान रक्कमही घटते. दुसऱ्या महिन्यात ती २,५२० वर येते, मग आणखी खाली. दर महिन्याला ओझं हलकं झाल्यासारखं वाटतं, आणि फेड तितकीच लांबते. या गतीनं बाकी निम्मी व्हायलाच ३२ महिने लागतात. आता एकच गोष्ट बदलू. बिल काहीही म्हणो, पहिल्या महिन्याचे २,५७५ च दर महिन्याला भरत राहायचं. तिसाव्या महिन्यात सगळी बाकी संपते! हे कार्ड वापरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

अर्थात, या काळात कार्ड कपाटात राहिलं तर. कारण बाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत जाते. मग आज केलेल्या खरेदीवर आजपासूनच, दिवसाच्या हिशेबानं व्याज लागतं.

आणि सगळं बिल फेडल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज दिसू शकतं. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं. ती छोटी रक्कमही भरून टाका, आणि त्यानंतरचं बिल उघडून व्याजाच्या रकान्यात शून्य आहे ना, ते बघा.