रॉकेल ओतलं, तरी उधई परत आली

(दृश्य: दाराची सागवानी चौकट. खालच्या कोपऱ्यातून वर चढलेली मातीची नळी.)

अमळनेर तालुक्यातलं हे घर. मागची खोली जुनी, मातीच्या भिंतींची आणि धाब्याची. पुढच्या खोल्या नव्या, सिमेंटच्या. उधई लागली ती नव्या भागात, मधघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या चौकटीला. घरमालकांनी माती खरवडली, बाटलीभर रॉकेल ओतलं आणि दिसलेले किडे मेले. पावसाळ्यात त्याच भिंतीला, चौकटीपासून चार फुटांवर नवी नळी निघाली. "रॉकेल टाकं, तरी परत उनी ना भाऊ," ते म्हणाले. ही तक्रार आम्हाला खानदेशात गावोगाव ऐकू येते.

रॉकेलने उधई मरते हे खरं आहे. पण ज्या किड्याला ते लागतं तोच मरतो. चौकटीत दिसतात ते फक्त चारा गोळा करायला आलेले कामकरी. वारूळ खाली जमिनीत असतं. राणी, पिल्लं आणि बाकीचा सगळा गोतावळा तिथेच राहतो. रॉकेल काही दिवसांत उडून जातं. तोवर कामकरी ती वाट सोडतात आणि दुसरी फट शोधतात.

रॉकेलने घरातली उधई संपते हा समज आला कुठून, त्यालाही कारण आहे. पोखरलेल्या लाकडात औषध मुरवायचं तर ते पाण्याऐवजी रॉकेलमध्ये किंवा तेलात मिसळण्याची रीत आहे, कारण लाकूड तेल चांगलं पितं. लोकांनी मिस्त्रीच्या हातातलं रॉकेल पाहिलं, त्यातलं औषध पाहिलं नाही.

(दृश्य: फरशी आणि भिंतीच्या सांध्यावर टॉर्चचा उजेड.)

"सिमेंटच्या घराला उधई लागत नाही" हा दुसरा समज. उधई सिमेंट खात नाही, पण तिला आत यायला अगदी बारीक फट पुरते. भिंत आणि फरशीचा सांधा, नळाच्या पाइपाभोवतीची पोकळी, वायरिंगची नळी, कुठूनही ती येते. या घरात मागच्या भिंतीला टेकवून पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता, चुलीसाठी. ढीग उचलला तेव्हा खालची माती उधईने भरलेली निघाली. आमच्या कापसाच्या पट्ट्यात हे नेहमी दिसतं. पऱ्हाट्या घरापासून दूर, दगडांवर रचल्या तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

(दृश्य: बोटाने मोडलेली नळी.)

उधई जिवंत आहे का, हे औषधाआधी पाहावं लागतं. नळीचा मधला दोन बोटांचा तुकडा मोडायचा आणि एक-दोन दिवस हात लावायचा नाही. ओल्या मातीने ती जागा पुन्हा सांधली, तर ये-जा चालू आहे. चौकटीखाली माती नसून पिठासारखा बारीक भुगा पडत असेल, तर तो बहुधा लाकूड पोखरणारा भुंगेरा असतो. त्याच्यासाठी फरशी फोडून उपयोग नाही.

इथे नळी दुसऱ्याच दिवशी सांधली गेली. मग काम सुरू झालं. चौकटीची भिंत बारा फुटांची. भिंतीच्या बुडाशी, दर फुटाला एक, 12 मिलिमीटरचं भोक. ड्रिल फरशी ओलांडून खालच्या मातीपर्यंत गेलंच पाहिजे. ते काँक्रीटमध्येच थांबलं तर औषध वर परत येतं, आणि काम फसल्याची ती पहिली खूण. एका बाजूला 12 आणि दुसऱ्या बाजूला 12 भोकं, प्रत्येकात 1 लिटर द्रावण. 24 लिटर पाण्याला 30.5 टक्क्यांचं इमिडाक्लोप्रिड सुमारे 50 मिली, म्हणजे लिटरला 2.1 मिली. शेवटी भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली.

घरमालकांनी वास घेऊन पाहिला. "याला तर वासच नाही," म्हणाले. औषध उग्र असलं तरच खरं, हा तिसरा समज, आणि आमच्या मते सगळ्यात नुकसान करणारा. कारण उधईला कळलं तर ती वाट बदलते. हे औषध तिला कळत नाही. ती त्या मातीतून जाते, लगेच मरत नाही, आणि एकमेकांना चाटताना, भरवताना ते इतरांपर्यंत पोहोचवते. म्हणून पहिले काही दिवस नळीत किडे दिसतातच. त्या वेळी वरून फवारा मारू नका, नाहीतर औषध पोहोचवणारेच मरतील.

मर्यादाही सांगायला हव्यात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि औषधाच्या थराला तिथे खिंडार पडतं. नळ गळत असेल तर औषध धुऊन जातं. घराशेजारी विहीर असेल तर त्या बाजूला द्रावण सोडूच नये.

(दृश्य: चौकटीवर खडूने केलेली खूण, शेजारी तारीख.)

मोडलेल्या नळीशेजारी आम्ही खडूची खूण केली. महिन्याभराने तिथे नवी माती नव्हती. पुढची तपासणी पहिल्या पावसानंतर, कारण पंखवाली उधई तेव्हाच उडते. ती बाहेरच्या दिव्याभोवती दिसली तर घराला लागलीच असं नाही. भिंतीतून किंवा फरशीच्या फटीतून निघाली, किंवा खिडकीपाशी सारख्या लांबीच्या पंखांचा खच पडला, तर मात्र तिथली फरशी पुन्हा तपासावी लागेल.