दहाव्या दिवसानंतर अंदाज का ढासळतो

हवामानाचा अंदाज संगणक कसा वर्तवतो, हे समजून घ्यायचं तर आधी एका फसलेल्या अंदाजाकडे जायला हवं. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा इंग्रज गणितज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. त्या धामधुमीत त्याने कागद-पेन्सिलीवर एक हिशोब केला. 20 मे 1910 या दिवसाच्या नोंदी त्याच्याकडे होत्या. सकाळच्या नोंदींवरून, निव्वळ भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवून, मध्य युरोपातल्या एका ठिकाणी सहा तासांत वायुदाब किती बदलेल, हे त्याला काढायचं होतं. उत्तर आलं 145 हेक्टोपास्कल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ जागचा हललाही नव्हता. भीषण चक्रीवादळाच्या केंद्रातसुद्धा दाब एवढा खाली जात नाही. तरीही रिचर्डसनने 1922 साली हे सगळं पुस्तकरूपाने छापलं, चुकीच्या उत्तरासकट. त्याची पद्धत बरोबर होती. चूक कुठे होती, ते थोड्या वेळाने सांगतो, कारण आजच्या विषयाचं मूळ तिथेच आहे.

आधी पद्धत बघू. हवेची अवस्था सांगायला मोजक्या राशी पुरतात: वाऱ्याचे तीन घटक, दाब, तापमान, घनता आणि आर्द्रता. त्या एकमेकींना कशा बदलवतात, हे सांगणारे नियमही ठाऊक आहेत. दाबातल्या फरकाने वारा ढकलला जातो, पृथ्वीच्या फिरण्याने तो वळतो, हवा दाबली की तापते, वाफेचं पाणी झालं की उष्णता बाहेर पडते. ही समीकरणं कागदावर सुटत नाहीत, म्हणून वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी आकडेमोड करायची. युरोपातलं मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचं केंद्र (इसीएमडब्ल्यूएफ) जे जागतिक मॉडेल चालवतं, त्यात जमिनीवर सुमारे 9 किलोमीटरचा एक चौकोन असतो आणि त्यावर एकावर एक 137 थर. पृथ्वीभर असे साधारण 66 लाख चौकोन होतात, म्हणजे थरांसकट 90 कोटींच्या आसपास तुकडे. प्रत्येक तुकड्यातल्या राशी काही मिनिटांनी पुढे सरकवायच्या, पुन्हा सरकवायच्या, असं करत दहा दिवसांपर्यंत जायचं.

चौकोन आणखी बारीक का करत नाहीत, असा प्रश्न मला हटकून विचारला जातो. बाजू निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट होते. शिवाय वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात, नाहीतर हवा एकाच पावलात फार तुकडे ओलांडते आणि आकडेमोड बिघडते. म्हणजे काम आठपट. आणि एवढं करूनही ढग चौकोनात मावतच राहतात. पावसाळी ढगाचा उभार दोन-तीन किलोमीटर रुंदीचा असू शकतो. मॉडेलला तो दिसत नाही. मग त्या चौकोनाच्या सरासरी तापमानावरून आणि आर्द्रतेवरून आत किती ढग उसळले असतील, किती पाऊस पडला असेल, याचा ठोकताळा वेगळ्या सूत्रांनी बांधावा लागतो. मॉडेलच्या स्वतःच्या चुकांचा मोठा वाटा या ठोकताळ्यांत असतो.

आता सुरुवातीच्या अवस्थेकडे वळू. मला विचाराल तर या साऱ्या उद्योगातला सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर भाग हाच. गणित चालू करायला या क्षणी प्रत्येक तुकड्यात काय आहे, ते माहीत हवं. मोजमापं मात्र विखुरलेली असतात. जमिनीवरची केंद्रं, फुग्याला बांधून सोडलेली रेडिओसोंड यंत्रं, विमानं, जहाजं, बोयी. उपग्रह सगळीकडे पोहोचतात, पण ते तापमान थेट मोजत नाहीत. वर येणारं प्रारण मोजतात आणि त्यावरून तापमान काढावं लागतं. म्हणून कोणतंही मॉडेल कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही. आधी केलेल्या अंदाजाने या वेळेसाठी जे सांगितलं होतं, ते पायाला घेतात आणि नव्या मोजमापांनी ते दुरुस्त करतात.

दुरुस्ती किती करायची? समजा जुन्या अंदाजानुसार एका ठिकाणी 20 अंश तापमान असायला हवं आणि त्या आकड्यात साधारण 1 अंशाची चूक असू शकते. यंत्र सांगतं 22, आणि यंत्राची चूक अर्ध्या अंशाची. यंत्राची चूक निम्मी, म्हणून त्याच्या शब्दाला वजन चौपट. चार हिस्से 22 आणि एक हिस्सा 20, असं मिळून उत्तर येतं 21.6. या उत्तरातली संभाव्य चूक आता 0.45 अंशाच्या आसपास, म्हणजे दोघांपेक्षाही कमी. हेच काम कोट्यवधी राशींसाठी एकाच वेळी करायचं, आणि तेही अशा रीतीने की वारा, दाब आणि तापमान यांचा आपसातला समतोल मोडू नये.

रिचर्डसनचा घात झाला तो या समतोलापाशीच. त्याच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा मेळ किंचित चुकलेला होता. खऱ्या हवेत असा बिघाड झपाट्याने लाटांच्या रूपात विरून जातो. त्याच्या कागदावर मात्र त्या क्षणाचा बदलाचा वेग तसाच सहा तासांसाठी गुणला गेला. पुढे आयरिश हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी त्याच नोंदी आधी समतोलात आणून तोच हिशोब पुन्हा केला. दाबातला बदल 1 हेक्टोपास्कलच्या आत आला. समीकरणं तीच, दिवस तोच. फक्त सुरुवात सुधारली होती.

मग सुरुवात जितकी अचूक, तितका अंदाज लांबवर टिकेल, असं वाटणं साहजिक आहे. काही अंशी ते खरंही ठरलंय. अंदाज कितपत टिकतो, हे पाहायची एक रूढ रीत आहे. साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवर दाबाचे जे उंचवटे आणि खोलगट पट्टे असतात, ते अंदाजात आणि प्रत्यक्षात कितपत जुळले, ते मोजायचं. जुळणी 60 टक्क्यांखाली गेली की त्या दिवसापुढचा अंदाज फारसा कामाचा नाही. उत्तर गोलार्धात 1980च्या सुमारास ही रेषा सहाव्या दिवसाच्या आतच ओलांडली जायची. आज ती दहाव्या दिवसाच्या आसपास ओलांडली जाते. दर दशकाला साधारण एक दिवस, ही कमाई मला थक्क करते. पण ती अशीच चालू राहील का?

1961 साली अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ संगणकावर हवामानाचं एक छोटं मॉडेल चालवत होते. आधीचं गणित मधूनच पुन्हा सुरू करायचं म्हणून त्यांनी छापील कागदावरचा 0.506 हा आकडा भरला. संगणकाच्या स्मृतीत तो 0.506127 होता. थोड्याच वेळात दोन्ही गणितांचे मार्ग पूर्णपणे वेगळे झाले. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. त्यातून निघणारा निष्कर्ष असा की छोटी चूक ठरावीक काळात दुप्पट होत जाते. समजा ती दीड दिवसात दुप्पट होते. मग सुरुवातीची चूक दहापट कमी केली, तर पाच दिवस जास्त मिळतील. शंभरपट कमी केली, तर दहा दिवस. चांगली यंत्रं आणा आणि महिनाभराचा अंदाज घ्या! इथवर निराश व्हायचं काहीच कारण नाही.

खरा अडथळा लॉरेंझ यांनीच 1969 साली दाखवला. चूक दुप्पट व्हायला किती वेळ लागतो, हे ती किती मोठ्या घडामोडीत आहे, त्यावर ठरतं. हजारो किलोमीटर पसरलेल्या दाबपट्ट्याला बदलायला दिवस लागतात. गडगडाटी ढग तासाभरात जन्मतो आणि विरतो. त्या ढगाची जागा चुकली, तर ती चूक तासाभरात त्याच्या सबंध आकाराची होते आणि मग शेजारच्या, त्याहून मोठ्या घडामोडीत शिरते.

याचा हिशोब करून पाहू. आकडे केवळ कल्पना यावी म्हणून घेतलेत. चुकीला 2000 किलोमीटरच्या घडामोडीतून 4000 किलोमीटरच्या घडामोडीत पसरायला 5 दिवस लागतात, असं धरू. आकार निम्मा झाला की हा वेळ साधारण 0.63 पट होतो, असं प्रक्षुब्ध प्रवाहांचं शास्त्र सांगतं. म्हणजे 1000 वरून 2000वर यायला सव्वातीन दिवसांहून थोडा कमी वेळ, 500 वरून 1000वर यायला 2 दिवस, मग सव्वा दिवस, मग पाऊण, मग अर्धा. आता बेरीज करा. 500 किलोमीटरपर्यंतचं सगळं अचूक माहीत असेल, तर 10 दिवस मिळतात. त्याखाली 250, 125, 60, अगदी वाऱ्याच्या एकेका भोवऱ्यापर्यंत सगळं मोजत गेलो, तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांची बेरीज साडेतीन दिवसांच्या आत थांबते. एकूण साडेतेरा. मोजमाप कितीही बारीक करा, बेरीज त्यापुढे जात नाही.

प्रत्यक्ष वातावरण इतकं सरळ नाही. काही शे किलोमीटरपेक्षा मोठ्या घडामोडींत चुकीची वाढ वेगळ्या चालीने होते, आणि विषुववृत्ताजवळची मर्यादा मध्य अक्षांशांपेक्षा लांब असावी, असं दिसतं. पण अलीकडे बारीक चौकोनांच्या जागतिक मॉडेलांवर जे प्रयोग झाले, तेही मध्य अक्षांशांसाठी दोन आठवड्यांच्या आसपासच येऊन थांबतात. आजच्या दहा दिवसांत फार तर चार-पाच दिवसांची भर पडू शकेल.

चुकीचा हा प्रवास नकाशावर पकडताही येतो. युरोपवरचे सहाव्या दिवसाचे जे अंदाज सपशेल फसले, त्यांचा माग काढून 2013 साली एक अभ्यास छापला गेला. त्यातल्या पुष्कळ अंदाजांच्या सुरुवातीच्या दिवशी एकसारखी स्थिती आढळली. उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वतावर कमी दाबाचा पट्टा आणि त्याच्या पूर्वेला गडगडाटी ढगांचे मोठे समूह उसळायला पोषक हवा. तिथे ढगांनी सोडलेली उष्णता मॉडेलने थोडी चुकीची धरली. उंचावरून वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्याची, म्हणजे जेट प्रवाहाची वळणं किंचित सरकली, ती अटलांटिक ओलांडून गेली आणि सहाव्या दिवशी युरोपवर उंचवटा हवा तिथे खोलगट पट्टा उभा राहिला.

असा दिवस आधी ओळखता यावा, म्हणून 1992पासून अंदाज एकच न काढता पुष्कळ काढतात. इसीएमडब्ल्यूएफ आज 51 काढतं. सुरुवातीच्या अवस्थेत, मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेतच, थोडेथोडे फरक करून तेच मॉडेल 51 वेळा चालवतात. आठव्या दिवशीही ते एकमेकांजवळ असतील, तर वातावरण त्या काळापुरतं ऐकण्यातलं आहे. तिसऱ्याच दिवशी फाकले, तर तिसऱ्या दिवसाचा एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही, शक्यता सांगायला हवी.

पंधराव्या दिवशी मात्र हे अंदाज बहुतेक वेळा इतके पसरलेले असतात की त्या तारखेला गेल्या अनेक वर्षांत जेवढी विविधता दिसली, तेवढीच त्यांच्यातही दिसते. त्यांची सरासरी काढली, तर ती त्या ऋतूच्या नेहमीच्या तापमानाजवळ जाते. फोनवर पंधराव्या दिवसासाठी दुपारी दोन वाजता पाऊस असं चित्र दिसलं, तर ते या पसाऱ्यातल्या एखाद्या गणिताचं उत्तर असू शकतं. दोन-तीन आठवड्यांपुढे जे सांगता येतं, ते वेगळ्या जातीचं असतं: अमुक आठवडा नेहमीपेक्षा कोरडा जाण्याची शक्यता किती. त्याचा आधार समुद्राच्या पृष्ठाचं तापमान, मातीतली ओल अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींत असतो. त्या आठवड्यातल्या कोणत्या दिवशी सर येईल, हे त्यातून कळत नाही.