बॅटरीचा गुडघा: अडीच वर्षं बरी चालली, मग सहा महिन्यांत काय झालं?

नमस्कार मंडळी. आज नागपुरातली एक वही दाखवतो.

[वही कॅमेऱ्याजवळ धरत]

ही आमच्या शेजारच्या काकांची. मानेवाड्याहून बुटीबोरीला इलेक्ट्रिक स्कूटरवर नोकरीला जातात, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. फुल चार्जवर गाडी किती चालली, ते पेन्सिलीनं लिहून ठेवतात. एप्रिल 2022, गाडी नवी: 98 किलोमीटर. एप्रिल 2023: 93. एप्रिल 2024: 88. ऑक्टोबरात 86. आता खाली बघा. डिसेंबर 77, फेब्रुवारी 66, एप्रिल 2025 ला 58. अडीच वर्षांत 12 किलोमीटर गेले आणि पुढच्या सहा महिन्यांत 28.

हे आकडे आलेखावर मांडले की रेषा आधी हळूहळू उतरते आणि मग गुडघ्यासारखी वाकते. म्हणूनच याला नी पॉइंट म्हणतात.

काका म्हणाले, "थंडीमुळे असेल." शंका रास्तच होती, कारण थंडीत रेंज कमी होतेच. पण ती ऊन वाढलं की परत येते. इथे एप्रिलचं ऊन तापलं तरी आकडा खालीच गेला, म्हणजे नुसती थंडी नव्हती.

मग आत काय होतं? चार्जिंग करताना लिथियम ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडमध्ये शिरतं. ग्राफाइटवर पहिल्या दिवसापासूनच एक पातळ थर असतो, त्याला एसईआय म्हणतात. तो थोडं थोडं लिथियम खात वाढतो. उष्णतेत जास्त वाढतो, आणि बॅटरी फुल चार्ज करून तशीच ठेवली तरी जास्त वाढतो. थर जाड होईल तशी त्याची वाढ मंदावते, त्यामुळे सुरुवातीची वर्षं घट संथ वाटते. काकांची गाडी मे महिन्यात कंपनीच्या आवारात उन्हात उभी असायची. त्या तीन उन्हाळ्यांचा हिशेब तिथेच जमा होत होता.

इतवारीतली एखादी गल्ली आठवा. दरवर्षी दुकानं फूटभर पुढे सरकतात, तरी गाड्या निघतात. एका दिवाळीत मात्र एक हातगाडी अडकते, तिच्यामागे दुसरी, आणि थांबलेल्या गाड्यांमुळेच गल्ली आणखी अरुंद होते.

ग्राफाइटचंही तसंच. थर वाढत गेला की ग्राफाइटची बारीक छिद्रं बुजायला लागतात. चार्जरचा करंट तेवढाच, आत शिरायची वाट मात्र चिंचोळी. मग काही लिथियम बाहेरच धातू होऊन बसतं. याला प्लेटिंग म्हणतात. त्या ताज्या धातूवर पुन्हा नवा थर चढतो, छिद्रं आणखी बुजतात, प्लेटिंग आणखी वाढतं. एकदा हे चक्र सुरू झालं की घट स्वतःच स्वतःला वेग देते. थंडीत लिथियम ग्राफाइटमध्ये आणखी हळू सरकतं. काका रात्रपाळी करून जानेवारीत पहाटे घरी येत आणि पोर्चमध्ये लगेच चार्जर लावत. नागपूरची ती पहाट, दहा अंशांच्या आसपास, बॅटरीही गार.

पण प्रत्येक गुडघा प्लेटिंगचाच नसतो, हे इथेच सांगतो. कधी फक्त अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो. ॲक्सिलरेटर पिळला की व्होल्टेज धपकन खाली येतं आणि गाडी "संपली" म्हणते. ओळखायची सोय सोपी आहे: बॅटरी अगदी कमी करंटनं रिकामी करून मोजायची. क्षमता परत दिसली तर दोष रेझिस्टन्सचा. काकांच्या पॅकची अशी चाचणी केली, तरी नव्याच्या सुमारे 61 टक्केच भरली. म्हणजे दोष नुसत्या रेझिस्टन्सचा नव्हता, क्षमताच खरंच गेली होती. हे प्लेटिंगशी जुळतं, पण सेल उघडल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही.

आधी कळलं असतं का? नुसत्या रेंजवरून कठीण. 2019 मध्ये स्टॅनफर्ड, एमआयटी आणि टोयोटा रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 124 सेल फास्ट चार्ज करून झिजवले. काही चार्ज-डिस्चार्जच्या 150 चक्रांत संपले, काही 2300 पर्यंत टिकले. पहिल्या 100 चक्रांत बहुतेकांची क्षमता घटलेली दिसतच नव्हती. फरक दिसला तो डिस्चार्जच्या व्होल्टेज वक्रात: दहाव्या आणि शंभराव्या चक्राचे वक्र एकावर एक ठेवल्यावर. स्कूटरच्या स्क्रीनवरची टक्केवारी हे दाखवत नाही.

गुडघा ओलांडलेला पॅक घरच्या इन्व्हर्टरला स्वस्तात जोडू नका. प्लेटिंग झालेला सेल उष्णता कमी सहन करतो, आणि फुगलेला सेल तर हातही लावू नये असा. काकांनाही तेच सांगितलं, जुना पॅक रिसायकलिंगला गेला. नव्या पॅकसोबत सवय बदलली: मे महिन्यात गाडी सावलीत थंड झाल्यावर चार्जिंग, जानेवारीत ऊन वर आल्यावर, आणि रोज 100 ऐवजी 80 टक्क्यांवर थांबणं.

[वहीचं नवं पान]

पहिली नोंद झाली आहे. 97.