पिवळे पाकीट आणि पन्नास ग्रॅमची पुडी

श्रोतेहो, आज मी एकाच मसाल्याची हकीकत सांगणार आहे. ज्या कंपनीचा तो आहे तिच्याकडे मी काही काळ सल्लागार होतो, म्हणून तिचे नाव घेत नाही. मसाला गोडा; पाकीट पिवळे, त्यावर तपकिरी पट्टा आणि खलबत्त्याचे चित्र. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आणि घंटाळीतल्या जुन्या घरांत तो दोन-तीन पिढ्या जात होता, पण घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या वसाहतींत त्याला उठाव नव्हता. पाकीट जुनाट दिसते म्हणून तरुण ते उचलत नाहीत, असे कंपनीने ठरवले आणि एकदम सगळे बदलले. पिवळा रंग जाऊन पांढरा आला, खलबत्ता जाऊन रेघांची नक्षी आली, नाव मोठ्या रोमन अक्षरांत आले आणि त्याच वेळी पाचशे ग्रॅमचे पाकीट त्याच किमतीत साडेचारशेचे झाले. मसाला मात्र तोच होता.

पहिले तीन महिने विक्रीचे आकडे चढते होते आणि कार्यालयात समाधान होते. इथे मी पहिला इशारा देतो. कंपनीतून वितरकाकडे माल जातो तिला आपण प्रायमरी विक्री म्हणतो, वितरकाकडून दुकानदाराकडे जातो ती सेकंडरी, आणि दुकानातून गिऱ्हाईक पिशवीत घालून नेते ती खरी विक्री. नवे पाकीट आले की वितरक आणि दुकानदार आपापली फळी भरून घेतात, त्यामुळे पहिल्या दोन आकड्यांत वाढ दिसते. फळीवरून माल हलतो की नाही हे त्यातून कळत नाही. पाचशे ग्रॅमचे पाकीट एका घरात सुमारे दोन महिने चालते. म्हणजे जुने गिऱ्हाईक टिकले की गेले हे किमान दोन खरेद्यांनंतर, चार-पाच महिन्यांनी समजणार. नेमक्या त्याच सुमारास वितरकाच्या मागण्या मंदावल्या.

तेव्हा मी गोखले रस्त्यावरच्या एका किराणा दुकानात दोन दिवस बसलो. फळीवर जुनी आणि नवी पाकिटे शेजारी शेजारी होती. एक आजी आल्या, दोन्ही हातांत घेतली, नवे पाकीट उलटसुलट करून पाहिले, नाकाशी नेले आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हे डुप्लिकेट दिसतंय. मला आपलं नेहमीचं द्या." त्यांनी वजनही वाचले होते. रंग बदलला, वजन घटले आणि जुने पाकीट अजून विकले जात आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस एकच अर्थ काढतो, की आपल्याला फसवले जात आहे. म्हणून वेष्टन आणि वजन एका वेळी बदलू नये, आणि जुना माल फळीवरून संपत आल्याशिवाय नवा पाठवू नये. दुसरी गोष्ट वितरकाला जड जाते, कारण त्याच्या गोदामात दोन्ही माल असतात आणि त्याला दोन्ही हलवायचे असतात. पण तिच्यात सवलत देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत 2009 साली ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या बाबतीत असेच घडले होते. रस तोच ठेवून खोक्यावरचे काडी खोचलेले संत्रे काढले आणि रसाचा पेला छापला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि जुने खोके परत आणावे लागले. लोक चवीवर नाराज नव्हते, त्यांना आपले खोके फळीवर सापडत नव्हते. उलट हिंदुस्थान लिव्हरने 2002 साली लाइफबॉयचा कार्बोलिक वास आणि घडण दोन्ही बदलली, पण लाल रंग सोडला नाही. गिऱ्हाईक वस्तू कशावरून ओळखते हे कळले, तर बाकी पुष्कळ काही बदलता येते.

ते कळण्यासाठी आम्ही नौपाड्यातल्या घरांत एकच प्रश्न विचारला: नातवाला दुकानात धाडताना तुम्ही काय सांगता? मसाल्याचे छापील नाव फार थोड्यांनी सांगितले. बहुतेकांचे उत्तर होते, "पिवळं पाकीट, खलबत्त्याचं." तपकिरी पट्टा कोणाच्याच तोंडी आला नाही, अक्षरांचे वळण तर नाहीच. म्हणजे रंग आणि चित्र या दोन गोष्टींना हात लावायचा नव्हता आणि उरलेले सारे बदलायला मोकळे होते.

तरुण घरांचा प्रश्न मात्र वेगळाच निघाला. मानपाड्याला एका घरी गेलो, नवराबायको दोघे नोकरी करणारे. फ्रिजच्या दारात आमचेच पिवळे पाकीट रबर लावून ठेवलेले होते, सासूबाईंनी वर्षापूर्वी दिलेले, अर्ध्याहून जास्त भरलेले. उघडले तर खोबऱ्याचा खवट वास आला. गोड्या मसाल्यात सुके खोबरे आणि तीळ असतात, त्यांचे तेल हवा लागून खवट होते आणि दगडफुलाचा वास त्याखाली दबतो. त्या मुलीला पाकीट जुनाट वाटत नव्हते. ती म्हणाली, "आमटी महिन्यातून चार वेळा होते आणि किती घालायचा ते कळत नाही. आईला विचारलं तर म्हणते, अंदाजाने घाल."

त्यानंतर नवे रूप ठरले. पाचशे आणि दोनशे ग्रॅमच्या पाकिटांवर पिवळा रंग आणि खलबत्ता परत आला, वजन पूर्ववत झाले. अक्षरे तेवढी स्वच्छ केली आणि मराठी नाव वर ठेवले. तरुणांसाठी त्याच पिवळ्या रंगात पन्नास ग्रॅमची पुडी काढली आणि मागे प्रमाण छापले: चार माणसांच्या आमटीला एक सपाट चमचा. पुडीला आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर द्यावा लागला, कारण लहान पुडीत मालाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो आणि साध्या प्लास्टिकमधून वास लवकर उडतो. त्यामुळे ती ग्रॅममागे महाग पडते. जुने गिऱ्हाईक हा हिशेब हटकून करते, म्हणून पुडी मोठ्या पाकिटाशेजारी न ठेवता रव्या-पोह्यांच्या फळीवर आणि घरपोच किराण्याच्या अ‍ॅपवर ठेवली.

कंपनीतल्या तरुण सहकाऱ्यांना मी तेव्हा एक हिशेब मांडून दाखवला होता. धरा, जुने घर दोन महिन्यांत पाचशे ग्रॅम संपवते, म्हणजे महिन्याला अडीचशे. नवे घर महिन्याला एक पुडी, पन्नास. एक जुने घर गेले तर ती जागा भरायला पाच नवी घरे लागतात. त्या पाच घरांतही आमटीची सवय मुळात असावी लागते. जिथे वरण-आमटी शिजतच नाही तिथे पुडी पोचवण्यात पैसे घालू नयेत, हे मी तेव्हाही सांगितले.

पुडी रुजली की नाही हे कळायला एकच खूण आम्ही धरली: पुडी नेणारे घर पुढे दोनशे ग्रॅमचे पाकीट नेऊ लागते का. घोडबंदर रस्त्यावरच्या दुकानदारांना आम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकांपुरती वहीत नोंद ठेवायला सांगितले. दर महिन्याला त्या वह्या चाळताना मी पुडीच्या नावापुढे दोनशेचा आकडा कुठे दिसतो तेवढेच शोधत असे. सहाव्या महिन्यात एका वहीत तो तीन घरांपुढे सापडला.