पाठीच्या पाण्यातली आखूड जांभळी काडी

आज मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा संसर्ग, झालेल्या एकाच रुग्णाबद्दल बोलायचं आहे. ही रुग्ण मी व्याख्यानासाठी रचलेली आहे, पण तिच्या अहवालातली प्रत्येक गोष्ट या आजारात खरोखर दिसते तशीच ठेवली आहे.

सदुसष्ट वर्षांची बाई. संधिवातासाठी बरीच वर्षं प्रेडनिसोलोन आणि मेथोट्रेक्सेट घेणारी. तीन दिवस ताप, डोकेदुखी, मग असंबद्ध बोलणं. मान किंचित ताठ. मेनिंजायटिसचा संशय येऊन पाठीतलं पाणी काढलं. ब्लड कल्चर आधीच घेतलं होतं, आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व व्हँकोमायसिन सुरू झालं. पाणी किंचित गढूळ. पेशी ८२० प्रति घन मिलिमीटर, त्यांत ६० टक्के न्यूट्रोफिल आणि जवळजवळ ४० टक्के लिम्फोसाइट. प्रथिनं २१० मिलिग्रॅम. साखर ४८, आणि त्याच वेळी रक्तातली साखर ११८.

या आकड्यांशी जरा थांबू या. न्यूमोकोकसच्या मेनिंजायटिसमध्ये साधारणपणे न्यूट्रोफिल ८०-९० टक्क्यांच्या पुढे असतात आणि साखर फार खाली गेलेली असते. इथे साखर रक्ताच्या सुमारे ४१ टक्के आहे, म्हणजे कमी, पण घसरलेली नाही. लिम्फोसाइट अपेक्षेपेक्षा बरेच जास्त. एवढ्यावरून जंतूचं नाव ठरत नाही. पण स्लाइड बघायला बसताना हे चित्र डोक्यात हवं, कारण स्लाइडवर काय दिसू शकतं याचा अंदाज त्यातून बांधता येतो.

आता स्लाइड. पाठीच्या पाण्याचा ग्राम स्टेन करताना पहिला प्रश्न असतो तो किती पाणी मिळालं याचा. एका मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर ते १५०० जी वेगाने पंधरा मिनिटं फिरवून तळाचा गाळ घ्यायचा. थेंब स्लाइडवर पसरायचा नाही. तसाच ठेवून हवेत सुकू द्यायचा, आणि पाणी पातळ असेल तर त्याच जागेवर दुसरा थेंब घालायचा. मग मिथेनॉलने स्थिर करायचं. ज्योतीवर जास्त तापवलं तर पेशींचा आणि जंतूंचा आकार बिघडतो, आणि आज आपला सगळा निर्णय आकारावर अवलंबून आहे. पुढे नेहमीचं: क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अ‍ॅसिटोन-अल्कोहोल काही सेकंद, शेवटी सॅफ्रॅनिन. सगळा धोका त्या काही सेकंदांत आहे. रंग जास्त धुतला गेला तर जांभळा जंतू गुलाबी दिसतो, आणि आखूड गुलाबी काडी दिसली की वाचणारा हिमोफिलसच्या दिशेने जातो. म्हणून त्याच स्लाइडवरच्या पू-पेशींकडे बघायचं. त्यांची केंद्रकं गुलाबी असतील आणि जंतू जांभळा असेल, तर धुणं बरोबर झालं. केंद्रकंच जांभळी दिसत असतील तर रंग पुरता धुतला गेलेला नाही. उलट बाजूचा दोष, म्हणजे जास्त धुणं, केंद्रकांवरून कळत नाही. त्यासाठी शेजारी माहितीच्या ग्राम पॉझिटिव्ह जंतूची नियंत्रण स्लाइड हवीच.

आपल्या बाईच्या स्लाइडवर बऱ्याच पू-पेशी आहेत आणि फार शोधल्यावर पाच-सहा जंतू सापडतात. जांभळे, आखूड, बरेचसे दोन-दोनच्या जोड्यांत, एक-दोन पेशींच्या आतही. घाईत बघणारा इथे ‘ग्राम पॉझिटिव्ह डिप्लोकोकाय’ असं लिहून मोकळा होईल. वय, ताप, गढूळ पाणी, जोडीने जंतू: सगळं न्यूमोकोकसला साजेसं आहे. आणि त्या अहवालामुळे वॉर्डमध्ये कुणीही औषध बदलणार नाही, कारण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि व्हँकोमायसिन ही न्यूमोकोकससाठी अगदी योग्य जोडी आहे.

इथे मला तुमचं लक्ष टोकांकडे न्यायचं आहे. न्यूमोकोकसच्या जोडीत प्रत्येक जंतू बाहेरच्या बाजूला निमुळता असतो आणि भोवती बऱ्याचदा रंग न घेतलेली स्वच्छ कड दिसते, ती त्याच्या कॅप्सूलची. आपल्या स्लाइडवरच्या जंतूंची टोकं गोलसर आहेत, बाजू एकमेकींना समांतर आहेत आणि भोवती कड नाही. लांबी रुंदीच्या दुपटीच्या आसपास, काही ठिकाणी तिप्पट. म्हणजे या काड्या आहेत. आखूड आहेत, म्हणून फसवतात. एखादाच जंतू बघून हे ठरवू नका. दहा-बारा क्षेत्रं बघा आणि सर्वांत लांब दिसणारा जंतू शोधा. गोल जंतू लांब होत नाही, पण आखूड काडी गोल असल्याचा भास नक्की होतो.

ग्राम पॉझिटिव्ह काडी म्हणताच दुसरी फसगत उभी राहते, आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त गंभीर वाटते. त्वचेवर डिफ्थेरॉइड नावाचे निरुपद्रवी जंतू असतात. तेही ग्राम पॉझिटिव्ह काड्याच. सुई टोचताना ते पाण्यात येऊ शकतात, आणि ‘दूषित नमुना’ असं म्हणून त्यांना बाजूला टाकायची सवय प्रयोगशाळेत मुरलेली असते. त्या सवयीपोटी खरा जंतू बाजूला पडतो. आकारावरून दोघांत फरक करायचा प्रयत्न होतो: डिफ्थेरॉइड एका टोकाला जाड, एकमेकांशी कोन करून पडलेले. पण आपला संशयित जंतूही कधी कधी तसाच रांगेत किंवा कोनात दिसतो. म्हणून आकारापुरतं थांबायचं नाही. पू-पेशी आहेत का, जंतू पेशींच्या आत आहेत का, रुग्णाची प्रतिकारशक्ती दबलेली आहे का, हे विचारायचं. या बाईच्या बाबतीत तिन्हींचं उत्तर होकारार्थी आहे.

संशय आहे लिस्टेरिया मोनोसायटोजेनिसवर. १९२६ मध्ये केंब्रिजमध्ये मरे, वेब आणि स्वॅन यांनी आजारी सशांमध्ये या जंतूचं वर्णन केलं. त्या सशांच्या रक्तात मोनोसाइट वाढलेले दिसले, त्यावरून नावाचा उत्तरार्ध आला. तो पोटातून शरीरात शिरतो, पेशींच्या आत राहतो आणि पेशीतून थेट शेजारच्या पेशीत सरकतो. त्याला आवर घालतात त्या टी-पेशी. स्टेरॉइडने नेमक्या त्याच दबतात. म्हणून तो पन्नाशीपुढची माणसं, गरोदर स्त्रिया, नवजात बाळं आणि अशी औषधं घेणारे रुग्ण यांना गाठतो.

आता घाई का, ते सांगतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि तिच्या कुळातली औषधं लिस्टेरियावर मुळातच काम करत नाहीत. जंतूची भिंत बांधणारं जे प्रथिन त्यांनी पकडायचं, ते त्यांच्या हाती नीट लागत नाही. व्हँकोमायसिन नळीत जंतू मारताना दिसतं, पण मेनिंजायटिसमध्ये त्याच्यावर विसंबता येत नाही. म्हणजे बाईला दोन जबरदस्त औषधं चालू आहेत आणि तिच्या आजारावर भरवशाचं एकही नाही. म्हणून प्रयोगशाळेने कल्चरची वाट न पाहता वॉर्डला फोन करायचा: ‘पू-पेशी भरपूर, आखूड ग्राम पॉझिटिव्ह काड्या, लिस्टेरियाची शक्यता धरा.’ त्या फोनवर अ‍ॅम्पिसिलिन सुरू होतं, मूत्रपिंडं नीट असतील तर दोन ग्रॅम दर चार तासांनी.

पाणी ब्लड अगार आणि चॉकलेट अगारवर लावलं, पाच ते दहा टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, पस्तीस अंशांवर. दुसऱ्या दिवशी ब्लड अगारवर बारीक, राखाडी, अर्धपारदर्शक वसाहती दिसतात. भोवती रक्त विरघळल्याची कड इतकी अरुंद की वसाहत तारेने बाजूला सरकवल्यावरच ती खालून दिसते. ही खूण मौल्यवान आहे, पण ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसही अगदी अशीच अरुंद कड देतो, आणि नवजात बाळांमध्ये मेनिंजायटिस करणाऱ्यांत तोच पुढे असतो. दोघांना वेगळं करायला एका थेंबाची चाचणी पुरते: हायड्रोजन पेरॉक्साइड. लिस्टेरिया बुडबुडे काढतो, म्हणजे कॅटलेज पॉझिटिव्ह. स्ट्रेप्टोकोकस गप्प राहतो. मात्र वसाहत उचलताना खालचं अगार खरवडू नका. तांबड्या पेशींमध्ये स्वतःचं कॅटलेज असतं, ते बुडबुडे काढतं, आणि स्ट्रेप्टोकोकस लिस्टेरिया म्हणून नोंदला जातो.

कॅटलेजने स्ट्रेप्टोकोकस बाद झाला, पण डिफ्थेरॉइड बाद झाले नाहीत. तेही कॅटलेज पॉझिटिव्ह असतात. इथे मदतीला येते हालचाल. लिस्टेरिया वीस ते पंचवीस अंशांना शेपट्या तयार करतो, सदतीसला जवळजवळ बंद करतो. म्हणून वसाहत रसात घालून खोलीच्या तापमानाला ठेवायची आणि काही तासांनी थेंब भिंगाखाली बघायचा. जंतू कोलांट्या घेत फिरताना दिसतात. तोच रस शरीराच्या तापमानाला ठेवला तर काहीच हलत नाही, आणि हा जंतू हालचाल न करणारा म्हणून डिफ्थेरॉइडमध्ये ढकलला जातो. निमघट्ट माध्यमाच्या नळीत मध्यभागी टोचून पंचवीस अंशांवर ठेवलं, तर पृष्ठभागाच्या किंचित खाली वाढ छत्रीसारखी पसरते. डिफ्थेरॉइड टोचलेल्या रेषेवरच राहतात. त्यासोबत एस्क्युलिन काही तासांत काळं पडलं, तर निदान जवळजवळ हातात आलं. शेवटचं नाव ठरवायला पुढच्या चाचण्या किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री असतेच.

आपल्या बाईच्या पाण्यात हे सगळं जुळलं, आणि ब्लड कल्चरमध्येही तोच जंतू वाढला. दोन वेगळ्या नमुन्यांत एकच काडी वाढली, म्हणजे त्वचेवरून आलेला पाहुणा असण्याची शक्यता उरलीच नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि व्हँकोमायसिन थांबवलं. अ‍ॅम्पिसिलिन किमान तीन आठवडे, सुरुवातीला मूत्रपिंडांवर लक्ष ठेवून जेंटामायसिनची जोड.

शेवटी स्लाइडची मर्यादा. लिस्टेरियाच्या मेनिंजायटिसमध्ये ग्राम स्टेनवर जंतू दिसतो तो साधारण तीनपैकी एका रुग्णात. जंतू थोडे असतात आणि बरेचसे पेशींच्या आत लपलेले. म्हणून याच बाईची स्लाइड रिकामी निघाली असती तरी तिचं वय, तिची औषधं, जवळजवळ चाळीस टक्के लिम्फोसाइट आणि न घसरलेली साखर एवढ्यावर अ‍ॅम्पिसिलिन पहिल्याच तासात सुरू व्हायला हवं होतं. ‘जंतू दिसले नाहीत’ या अहवालावर ते थांबवायचं नाही. पाणी आणि रक्त या दोन्हींचं कल्चर येईपर्यंत ते चालू ठेवायचं, आणि औषधाच्या काही मात्रा गेल्यावर पाणी काढलं असेल तर कल्चर रिकामं आल्यावरही पीसीआर मागवायचं.